एका फोनवरची दोन खाती

फोनवरच्या रमीत जिंकलेल्या पैशांतून ड्रायव्हरकाका बायकोला कानाचं यंत्र घेणार होते. पैसे काढायला गेले, तर कंपनीचं उत्तर आलं: एकाच फोनवर, एकाच पत्त्यावर दोन खाती, म्हणून दोन्ही बंद, रक्कम जप्त.

“दुसरं खातं कुणी काढलं?”

सुनेचा चेहरा पडला. “मी, बाबा. नव्या खात्याला बोनस मिळतो ना. म्हटलं, यंत्राला तेवढाच हातभार.”

काकांनी दाद मागितली. ‘एका घरात एकच खातं, नियम तुम्ही मान्य केलेत,’ एवढंच उत्तर आलं.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं.

काका तिच्या कानाशी वाकून ओरडले, “यंत्र लांबणीवर पडलं!”

“पडू दे. तुमची बडबड ऐकायची कुणाला घाई आहे?”

काकांना हसायलाही जमलं नाही.