रेडिओ आठ सेकंद पुढे होता

एउलिसेस पोलो बूट शिवणारा माणूस. बारांकिया शहराच्या दक्षिणेकडच्या वस्तीत सत्तावीस वर्षं त्याचं एकच दुकान होतं आणि एकच शिलाई मशीन. त्या मशीनची मोटार मंगळवारी जळाली. जुनी मोटार विकणारा तीन लाख ऐंशी हजार पेसोला द्यायला तयार होता, पण रविवार संध्याकाळपर्यंतच. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं.

म्हणून त्या रविवारी चार वाजता तो पैज-दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खरं तर बसला नव्हताच. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. वीस हजारांत त्याने चार फुटबॉल सामने एकाच पैजेत गुंफले होते. चारही जुळले तर सहा लाख. तीन जुळले होते. चौथ्यात त्याने ज्याच्या विजयावर पैज लावली होती तो पुएर्तो क्लारो संघ घरच्या मैदानावर एक-शून्यने पुढे होता आणि सत्तर मिनिटं झाली होती. टीव्हीसमोर जमलेले बाकीचेही त्याच संघाचे होते. सामना संपण्याआधीच पैज कंपनीला परत विकायची असेल तर त्यासाठी हातातल्या फोनवर हिरवं बटण चमकत होतं : ‘आत्ताच घ्या, ३,९५,०००’.

"कोंपाद्रे, बसा की. फरशी झिजतेय," खिडकीमागून नुरिस म्हणाली. ती त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणत; शिवाय दुकानाची रोखपाल, आणि स्वतः एक पेसोही न लावणारी बाई.

"कोमाद्रे, दाबू का?"

"सल्ला दिला तर नोकरी जाईल माझी." मग तिने मान खाली घालून कागदावर आकडे मांडले. "सामना चालू असताना कंपनीवाले पुएर्तो क्लारोच्या विजयाला सव्वा पट भाव देतायत. सहा लाखाला सव्वाने भागा. चार लाख ऐंशी हजार. त्या भावात त्यांचा नफा धरलेलाच असतो, तो काढला तरी तुमच्या पैजेची खरी किंमत आज साडेचार लाख. तुम्हाला देतायत तीन पंचाण्णव."

"म्हणजे पंचावन्न हजार..."

"त्यांच्या खिशात. पैज लावताना एकदा कापतात, बाहेर पडताना पुन्हा कापतात. तुम्ही वर्षभर प्रत्येक पैज मध्येच विकलीत, म्हणून प्रत्येक वेळी दोनदा कापले गेलात."

एउलिसेसचं तोंड कडू झालं. पण तीन पंचाण्णवात मोटार येत होती. बोट बटणावर गेलं आणि थांबलं. सहा लाखात मोटार येऊन वर दोन लाख वीस हजार उरत होते. शिवाय त्याच्याकडे एक गुपित होतं.

"घाई कशाला?" तो खुर्ची दाराजवळ ओढत म्हणाला. शेजारच्या किराणा दुकानात रेडिओ लागला होता. इथला टीव्ही त्याच्या आठ सेकंद मागे चालायचा. रेडिओवर गोल झाला की इथे चेंडू अजून मैदानाच्या मध्यात असायचा. "धोका दिसला की आधी मलाच कळेल. मग दाबीन."

नुरिस हसली नाही. "तुमच्यासारख्या हुशारांसाठीच तर ते थांबवतात. बटण दाबलं की फोनच्या पडद्यावर पाच-सहा सेकंद चाक फिरतं, ते उगाच नाही. मैदानात त्यांचा माणूस बसलेला असतो. तो रेडिओच्याही आधी कळवतो."

"रेडिओच्या आधी कोण असतं, कोमाद्रे? देवसुद्धा रेडिओच ऐकतो."

ब्याऐंशीव्या मिनिटाला किराणा दुकानातून आरोळी आली, "पेनल्टी! पाहुण्यांना पेनल्टी!" टीव्हीवर पुएर्तो क्लारोचा गोलरक्षक अजून निवांत उभा होता. एउलिसेसने बटण दाबलं. चाक फिरू लागलं. एक, दोन, तीन सेकंद. मग पांढरी पट्टी : ‘बाजार थांबवला आहे. विनंती स्वीकारली नाही.’

त्याने पुन्हा दाबलं. आता बटण राखाडी झालं होतं; दाबलं जातच नव्हतं. टीव्हीवर पंचाने शिट्टी फुंकली ती त्यानंतर.

"असं कसं? मी आधी दाबलं!"

"तुम्ही टीव्हीच्या आधी दाबलंत," नुरिस म्हणाली. "त्यांच्या माणसाच्या नाही."

गोल झाला. एक-एक. बटण पुन्हा हिरवं झालं : ‘९२,०००’.

एउलिसेसने स्वतःच भागाकार केला. आता भाव पाच पट, सहा लाखाला पाचाने भागलं की एक लाख वीस हजार. नफा काढला तरी लाखाच्या वर. पुन्हा कापत होते, आणि या वेळी ते त्याला दिसत होतं. पण सामना बरोबरीत सुटला तर हातात शून्य, आणि शून्याला मोटारवाला दारातही उभं करणार नाही.

त्याने दाबलं. चाक सहा सेकंद फिरलं. स्वीकारलं. त्याने नुरिसला खात्यातले पैसे काढून द्यायला सांगितलं.

नुरिसने ब्याण्णव हजार मोजून खिडकीतून सरकवले. "सामना संपायला अजून सहा मिनिटं आहेत, कोंपाद्रे."

"मोटारवाल्याला इसार म्हणून देतो. एवढ्यावर महिनाभर थांबला तर थांबला. तोवर हाताने शिवायला आरी आहेच."

तो किराणा दुकानासमोरून जाताना रेडिओ एकदम किंचाळला. शब्द कळले नाहीत. एउलिसेस जागीच उभा राहिला आणि मनात मोजू लागला. आठापर्यंत. पुएर्तो क्लारोचा गोल असता तर एव्हाना मागे पैज-दुकानातले सगळे ओरडले असते; कुणीच ओरडलं नाही. तरी तो नवापर्यंत थांबला, दहापर्यंत थांबला. मग खिशावर हात ठेवून मोटारवाल्याच्या गल्लीकडे भराभरा चालू लागला.