दुसऱ्याच्या दुकानाची घंटी

ऑनलाइन दुकानं चालवायच्या शॉपिफाय ॲपवर ऑर्डर आली की गल्ला उघडल्यासारखा आवाज होतो. चिखलीच्या बसस्टँडमागे आसिमच्या दुकानात तो आवाज दिवसातून आठ-दहा वेळा व्हायचा. त्यातली एकही ऑर्डर आसिमची नसायची.

आसिम लोकांना ऑनलाइन दुकानं उभारून द्यायचा. झेरॉक्सच्या मशीनशेजारी त्याचा लॅपटॉप होता. त्याने स्वतःसाठीही एक दुकान उभारलं होतं, मोबाइलच्या कव्हरांचं. चार महिन्यांत तीन ऑर्डरी आल्या, त्यातली एक त्याच्या मेव्हण्याची. मग त्याने शॉपिफायचं महिन्याचं भाडं बंद केलं आणि सरावापुरतं एक फुकटचं चाचणी-दुकान तेवढं ठेवलं. त्यात खोटी ऑर्डर टाकता येते, खरी येत नाही.

हा आवाज होता अमडापूरच्या पूनमच्या दुकानाचा.

आदल्या वर्षी बोंडअळीनं अमडापूरच्या शिवारातला बीटी कापूस पोखरला. पूनमच्या नवऱ्याच्या, गजेंद्रच्या, तीन एकरांत वेचणीला निघाली ती निव्वळ कवडी, किडका कापूस. घराच्या मागच्या बाजूला मात्र सासूनं, मनकर्णाबाईनं, देवाच्या वातींसाठी देशी कापसाच्या चार ओळी दरवर्षीसारख्या लावून ठेवल्या होत्या. त्यांवर अळी फारशी आली नाही. त्या कापसाच्या फुलवाती पूनमनं पुण्यातल्या नणंदेला पाठवल्या, नणंदेच्या सोसायटीतून मागणी आली, आणि पूनम एक दिवस आसिमच्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली.

"आसिमभाऊ, मले दुकान पाहिजे. फोनवरचं."

आसिमनं मन लावून काम केलं. मनकर्णाबाईच्या मांडीवरच्या वातीचे फोटो काढले, पाकिटांचे भाव भरले, पैसे घेण्याची सोय जोडली. दुकान तयार झालं तेव्हा मालकी पूनमच्या नव्या ईमेलवर पाठवली. तिनं ती स्वीकारली, प्लॅन निवडला, कार्ड टाकलं. दुकान तिचं झालं. आसिमचं नाव मदतनीस म्हणून यादीत राहिलं, कारण करारात वर्षभराचा सपोर्ट होता, महिन्याला दीड हजार. दुकानभाडं सुटायला तेवढंच कायमचं येणं होतं त्याचं.

करारात तीन दिवसांचं शिकवणंही होतं. पूनम चौरेघी वही घेऊन यायची. माल कसा चढवायचा, ऑर्डर कशी रवाना करायची, सवलत कशी लावायची, सगळं लिहून घ्यायची आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अन् डिलिव्हरीचे दर? वजनाचं काय असते?"

आसिमच्या मनात आलं: ही बाई सगळंच शिकली तर वर्षानं माझं काय काम?

"ते मी पाहतो," तो म्हणाला. "तुमी त्यात नका पडू."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

त्यानंतर आवाज सुरू झाला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. नाशिक, ठाणे, बेळगाव. दुकानाचा खिळा अन् खिळा त्यानं ठोकलेला, पण गिऱ्हाईक तिच्याकडे. तो फोन उचलून ऑर्डर पाहायचा, रक्कम वाचायचा आणि फोन पालथा ठेवायचा. आवाज बंद करता आला असता. त्यानं केला नाही. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते.

"दूसरे की दुकान की घंटी सुनके पेट भरता क्या?" त्याची बायको रुबिना डबा ठेवताना म्हणायची.

"सपोर्ट है. सुनना पडता."

दिवाळीच्या तोंडावर पूनमनं स्वतःच्या हातानं एक नवा माल चढवला: पितळी समई आणि वर्षभराच्या वाती, एकाच खोक्यात. फोटो चांगला होता. आसिमच्या फोटोंपेक्षा चांगला. तो त्याला जास्त वेळ पाहता आला नाही. पहिली ऑर्डर आली तेव्हा त्याला दिसलं की गिऱ्हाइकाला डिलिव्हरीचे चाळीसच रुपये लागलेत. सव्वा किलोचं खोकं आणि चाळीस रुपये! तिनं वजनाची चौकट रिकामीच सोडली होती. वजन शून्य, म्हणून दर सगळ्यात हलका. कुरिअरवाला एकशे दहा घेणार, आणि पूनमला बिल महिन्याचं एकदम देणार.

एक फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. त्यानं फोन हातात घेतलासुद्धा. करार दिवाळीनंतर संपत होता. बिल आलं की घाबरून येईल, त्यानं विचार केला. मग कळेल तिला, आसिम कशाला लागतो ते.

फोन वाजत राहिला. आता तो आवाज त्याला गोड लागू लागला. समईच्या दर घंटीला सत्तर रुपये जात होते, त्याचे नव्हे. पाडव्यापर्यंत त्यानं अशा बावन्न ऑर्डरी मोजल्या.

दिवाळीनंतरच्या सोमवारी पूनम आली. एका हातात बिल, दुसऱ्या हातात वही. आसिमनं नवा करार छापून ठेवला होता, महिन्याला तीन हजारांचा.

"पाहा ना भाऊ, एवढं बिल कसं काय? माह्याच हातून काई चुकलं."

आसिमनं लॅपटॉप वळवला. समईचा माल उघडला. "इथं वजन टाकावं लागते. शून्य आहे ना, म्हणून."

पूनमनं वही उघडली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "डिलिव्हरीचे दर, वजन: आसिमभाऊ पाहतील. हे पाहा, तवा तुमीच म्हनले होते."

"हाव. लक्षात नाई राह्यलं. दिवाळीची गडबड."

"जाऊ द्या. एवढ्या कामात एखादं सुटतेच मानसाचं." तिनं नवा करार ओढला, आकडा पाहून भुवई उचलली, तरी पेनाचं टोपण काढलं. "तुमी होते म्हणून हे उभं राह्यलं. सासूबाई रोज म्हंतात."

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. गल्ला उघडल्याचा आवाज. आणि त्याच क्षणी काउंटरवर पालथा पडलेला आसिमचा फोनही वाजला.

पूनमनं दोन्ही फोनांकडे पाहिलं.

"हा आवाज तुमच्या इथं बी येते?"

"सपोर्टसाठी. सुरुवातीपासून आहे."

"हरेक ऑर्डरले?"

"हाव."

"उघडून पाहता?"

आसिमनं पालथा फोन आपल्याकडे ओढला.

"समईच्या बी पाह्यल्या असतीन." तिचा आवाज चढला नाही. "अन् मले एक फोन नाई. काऊन, आसिमभाऊ? मी तर तुमच्या पोटावर पाय नोता देला."

झेरॉक्सचं मशीन गरम होऊन घरघरत होतं. आसिमला सांगण्यासारखं बरंच होतं: कव्हरांचं दुकान, मेव्हण्याची ऑर्डर, तिचा तो चांगला फोटो. त्यानं उठून मशीन बंद केलं.

तिनं टोपण लावलं आणि खुर्ची लॅपटॉपजवळ सरकवली. "आता मले दर लावनं शिकवा. ते शिकवनं करारातलं आहे, राह्यलेलं. अन् मंग तुमचं नाव कसं काढाचं ते."

आसिमनं शिकवलं. आजवर कोणाला शिकवलं नव्हतं इतकं नीट. वजनाचे टप्पे, राज्यांचे विभाग, रिकाम्या खोक्याचं वजन मालात धरायची युक्ती, जी तो स्वतः ठेचकाळून शिकला होता. पूनमनं वहीतली जुनी ओळ खोडली आणि खाली दीड पान भरलं. मग त्यानं वापरणाऱ्यांची यादी उघडून दाखवली. तिनं त्याच्या नावावर बोट टेकवलं. खरंच काढायचं का, पडद्यानं विचारलं. तिनं हो दाबलं.

"येते भाऊ," ती म्हणाली. एवढं होऊनही भाऊच म्हणाली.

दुपारभर फोन गप्प होता. आसिमनं तो दोनदा उचलून रेंज पाहिली. ॲपमध्ये आता एकच दुकान उरलं होतं, त्याचं सरावाचं. आजच्या ऑर्डरी: शून्य.

रुबिना चहा घेऊन मागच्या दारी आली तेव्हा त्यानं लॅपटॉपवर त्या दुकानात एक निळं कव्हर पिशवीत टाकलं, खोट्या कार्डाचा आकडा भरला आणि ऑर्डर दाबली.

फोन वाजला.

"आई क्या ऑर्डर?" रुबिनानं विचारलं. "अपनी?"

"हां," आसिम म्हणाला, "अपनी."