सहा खणांचा पल्ला

साल २०१८. माझं वय त्र्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत. सांगलीत मुलाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. बिनतारी इंटरनेटचे राऊटर तो ऑनलाइन विकायचा. त्या महिन्यात तीन परत आले होते. आणखी एक आला, तर विक्रीचं पान बंद करू, असं तो जिथं विकायचा त्या वेबसाइटनं कळवलं होतं.

खोक्यावर लिहिलेलं तसंच सुनेनं पानावर उतरवलं होतं : वेग तीनशे एमबीपीएस, पल्ला शंभर मीटर, बत्तीस उपकरणं. मला संताप आला. म्हटलं, "हे कुणाला कळतं? मी सांगतो, तू लिही."

मुलगा हसला. "आवं अण्णा, तुमाला चालू तरी करता येतो का त्यो?"

मी राऊटर गावच्या घरी नेला, तिथल्या कनेक्शनला जोडला. फोनवर कीर्तनाचा व्हिडिओ लावून फिरलो. एका भिंतीआड बुवा नीट गात होते, सहा खणांपुढच्या दुसऱ्या दगडी भिंतीआड तोंड उघडून तसेच थांबले. शंभर मीटर उघड्या माळावरचे, घरातले नव्हेत. परत येऊन सुनेला सांगितलं, "लिही. तीनशे हा राऊटर आणि फोन यांच्यामधला वेग, तोही जवळून आणि सगळ्यांत मिळून. बाहेरून कनेक्शन आठचं असेल, तर आठच्या वर इंटरनेट मिळणार न्हाई. बत्तीस जोडता येतील, पण आठच्या कनेक्शनवर दोन-तीन जणांनीच एका वेळी पिक्चर बघावा. पल्ला सहा खण."

"मामंजी, खण कळंल का सगळ्यांना?"

"खण कुणाला कळत न्हाई?" मी ओरडलोच. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, पाचेक फूट. माझा जन्म नऊ खणांच्या घरातला.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "सहा खण लिहिलंय तुम्ही. माझ्या चारच खोल्या, तरी शेवटच्या खोलीत लेकीचा ऑनलाइन क्लास बंद पडतोय. परत घ्या."

त्यांच्याकडं खण म्हणजे खोली.

मुलानं फोन ठेवला. "लय शाने झालासा तुमी, अण्णा. आता पान गेलं." मी म्हणालो, "खोलीला खण म्हनत्यात, ही त्यांची चूक." जेवलो नाही. पण बाईंनी शब्द वाचला होता, त्यावर पैसे दिले होते. मला फक्त माझंच घर दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी बाईंना फोन लावला. विचारलं, "राऊटरपासून लेकीच्या खोलीपर्यंत भिंती किती?" त्या म्हणाल्या, तीन. "मग न्हाई चालायचा तो. शब्द माझा चुकला, बाई. परत पाठवा," असं सांगितलं, आणि सुनेला म्हटलं, पान बंद होईल तेव्हा होईल, आज खण खोड आणि लिही : एक भिंत नीट, दुसरीची खात्री नाही, तिसरी असेल तर घेऊ नका.