हाराची दोन मिनिटं

निशाला फुटबॉलच्या अंतिम सामन्याची पंच करा, असं महावीर शेठनेच सुचवलं होतं. तळोद्यात कुणाचा नवरा कुणाच्या दुकानात बसतो हे काही लपून राहत नाही. तिचा नवरा धर्मेंद्र लग्नाच्या आधीपासून शेठच्या कापडाच्या दुकानात कामाला होता आणि स्पर्धेतला मुख्य संघ शेठचाच होता. त्यामुळे शेठने तिचं नाव घेतलं तेव्हा समितीतले लोक नुसते हसले. घरचीच पंच मिळाली, असं कुणीतरी बोललंही.

तिची सासू जसोदाबाई मात्र तिला लग्नापासून 'डोंगरातली' म्हणत आली होती. निशा धडगावच्या वरच्या पाड्यातली. आश्रमशाळेत अनवाणी फुटबॉल खेळली, पुढे क्रीडाशिक्षिका झाली, नाशिकला जाऊन पंचांची परीक्षा देऊन आली. सासूच्या लेखी यातलं एकही बायकांचं काम नव्हतं. निशा शिट्टी गळ्यात अडकवून निघाली की जसोदाबाई चुलीपुढून न उठता विचारायची, "आज कोनं लेकरं हाकलाले चालनी तू?"

अंतिम सामन्यात शेठच्या संघासमोर नेमका डोंगराकडचा संघ आला. निशाच्या माहेरच्या बाजूची पोरं. मैदानावर पाय ठेवायच्या आधीच दोन्ही बाजूंनी तिच्याकडे तिरक्या नजरा लागल्या होत्या. एका बाजूला ती शेठची, दुसऱ्या बाजूला डोंगराची.

मनगटावर तिची दोन घड्याळं होती. एक सामन्याबरोबर चालत राहायचं. दुसरं ती खेळाचा वेळ वाया गेला की थांबवायची आणि खेळ सुरू झाला की चालू करायची. एक डाव पस्तीस मिनिटांचा. चेंडू बाहेर जाणं, तो आत फेकणं, हे खेळाचाच भाग. त्यासाठी ती घड्याळाला हात लावत नसे. कुणी मुद्दाम रेंगाळलं तर मात्र लावत असे.

पहिला डाव कोरा गेला. दुसऱ्या डावात शेठच्या संघाने गोल केला आणि तळोद्याची जुनी रीत सुरू झाली. लाउडस्पीकरवरून बक्षीस पुकारलं गेलं आणि शेठ स्वतः झेंडूचा हार घेऊन मैदानात उतरला. मागे फोटोवाला, त्यामागे नातेवाईक, हाराची पिशवी धरलेला धर्मेंद्र. गोल करणाऱ्याला हार घातला, मग फोटो नीट आला नाही म्हणून काढून पुन्हा घातला. निशाने शिट्टी वाजवली, हाताने बाहेर व्हायला सांगितलं. शेठ हसून म्हणाला, "होतंय गं, घरचंच आहे." दुसरं घड्याळ तिने केव्हाच थांबवलं होतं. रेषेबाहेर सगळे गेले तेव्हा दोन मिनिटं सरली होती.

पुढे शेठच्या संघाने वेळ खाण्याचा धडाच गिरवला. तीन वेळा खेळाडू बदलले. तिन्ही वेळा बाहेर येणारा लांबच्या कडेचा निघाला आणि बाजारातून घरी जावं तसा चालत आला. प्रत्येक बदलीला अर्धं मिनिट गेलं. डोंगराकडच्या एका पोराचा घोटा मुरगळला, त्याला उचलून बाहेर न्यायला दीड मिनिट गेलं. शेठचा गोलरक्षक गोकुळ दर वेळी चेंडू ठेवायचा, उचलायचा, बुटाची नाडी सोडायचा, पुन्हा बांधायचा. निशाने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. कार्डाने गेलेला वेळ परत येत नाही. तो घड्याळात वेगळा धरावा लागतो. तो मिनिटभर भरला.

डाव संपत आला तेव्हा रेषेवर हिंमतराव वाढीव वेळेची पाटी घेऊन उभे होते. हे निवृत्त कवायत मास्तर दरवर्षी पाटीवर सामना सुरू व्हायच्या आधीच खडूने दोनचा आकडा काढून ठेवत. कितीही वेळ गेला तरी दोन मिनिटं, ही तिथली पद्धत. निशाने सहा बोटं दाखवली. त्यांना वाटलं ती चुकली. तिने पुन्हा सहा दाखवली. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या बाहीने दोन पुसला आणि सहा लिहिला, आणि मैदानाच्या त्या बाजूने शिव्यांचा लोट उठला.

वाढीव वेळ सुरू होताच गोकुळ पोटरी धरून आडवा झाला. गोलरक्षकाला तिथेच बघावं लागतं, तोवर खेळ होत नाही. दीड मिनिट तो पडून होता. निशा शांतपणे त्याच्या शेजारी उभी राहिली आणि दुसरं घड्याळ तिने पुन्हा थांबवलं. तो उठला, लंगडत चार पावलं गेला आणि पाचव्याला नीट चालू लागला.

सहा मिनिटं उलटली. लाउडस्पीकरवाला ओरडला की वेळ संपला. निशाने शिट्टी वाजवली नाही. डोंगराकडच्या पोराने कोपऱ्यातून आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. बरोबरी झाली. मग पेनल्टीत गोकुळ एकही अडवू शकला नाही आणि चषक डोंगरावर गेला.

मंडपात शेठ खुर्चीवर बसला होता. धर्मेंद्र त्याच्यामागे, उरलेले हार पिशवीत घेऊन. शेठ आवाज न चढवता बोलला. सहा मिनिटं सांगितली आणि त्याहून जास्त खेळवली, हे लोकांनी पाहिलंय. घड्याळ बिघडलं होतं एवढं माईकवर सांगून टाक, उद्या सामना पुन्हा घेऊ. तुझं नाव खराब होणार नाही आणि धर्मेंद्रचंही काही बिघडणार नाही.

शेवटचं वाक्य त्याने धर्मेंद्रकडे न बघता उच्चारलं.

"पाटीवरची सहा म्हणजे कमीत कमी सहा," निशा म्हणाली. "त्यातही वेळ वाया गेला तर वाढवायचा. कमी करता येत नाही."

"आमच्याकडे दोनच देतात."

"त्यातली दोन तर तुमच्या हारातच गेली, शेठजी. हार घातला नसता तर सामना तुम्हीच जिंकला असता."

मंडपात कुणी हसलं नाही. तिने दोन्ही घड्याळं टेबलावर ठेवली. थांबवत आणलेल्यावर पस्तीस मिनिटं होती, चालत राहिलेल्यावर साडेबेचाळीस. शेठने ती बोटाने तिच्याकडे ढकलली.

"घड्याळ तुझं, बोट तुझं, माहेरही तुझंच."

धर्मेंद्र पुढे झुकला. "सांग ना. एक वाक्य तर आहे."

निशाने घड्याळं मनगटाला बांधली आणि ती बाहेर पडली. तो मागून आला नाही.

सोमवारी धर्मेंद्रला गल्ल्यावरून उठवून विसरवाडीच्या गोदामावर पाठवलं गेलं. पहाटेची बस, उभ्याने गाठी मोजायचं काम. जसोदाबाईने त्याचा डबा निशाच्या पुढ्यात आदळला. "तुन्ही शिट्टीनी मन्हा पोऱ्याले पहाटे घर सोडावं लागनं," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिने सुनेशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. धर्मेंद्र तेवढंही बोलत नसे. निशा चारला उठून भाकरी थापायची. शेठकडे जाऊन ते एक वाक्य सांगून यायला तिला अजूनही कुणी अडवलं नव्हतं. ती गेली नाही.

पुढच्या वर्षी समितीने तिला बोलावलं नाही. नंदुरबारहून दुसरा पंच आणला, शेठच्याच पसंतीचा. ती शाळेच्या पोरींना घेऊन बघायला गेली, तर बायका सरकून बसल्या.

शेठच्या संघाने गोल केला. हिंमतरावांच्या हातातली पाटी यंदा कोरी होती. लाउडस्पीकरने बक्षीस पुकारलं आणि नातेवाईक उठले. पण शेठने हात आडवा घातला. मागच्यांना रेषेवरच थोपवून तो हार हातात धरून उन्हात उभा राहिला. आधी त्याने पंचाच्या मनगटाकडे पाहिलं, मग गर्दीत निशाकडे. तिने नजर हलवली नाही.

खेळ लगेच सुरू झाला.