हमिदाबीची सही

हमिदाबी कशावरच विश्वास ठेवत नसे. दुकानात मीठ घेतलं तरी आधी चिमूटभर जिभेवर ठेवून पाही. एसटीत बसली की ही गाडी कुर्डुवाडीलाच जाते ना, हे ड्रायव्हरला, मग कंडक्टरला आणि शेवटी शेजारणीला विचारी. परंड्यात वाकळा शिवून पोट भरणारी ही बाई माझ्या साक्षरता वर्गात आली, ती शिकण्यापेक्षा कागदावर लोक काय लिहितात यावर नजर ठेवायला. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावोगाव असे वर्ग निघाले होते. दुपारी शाळेच्या ओट्यावर बायका जमत.

एक दिवस मी फळ्यावर पत्र लिहिलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाता आलं नाही म्हणून क्षमा मागायची. उजवीकडे वर गाव आणि तारीख. खाली 'प्रिय मैत्रिणीस'. मग आपण आलो नाही हे सरळ कबूल करायचं, क्षमा मागायची, कारण एका वाक्यात सांगायचं: 'त्या दिवशी माझ्या मुलाला ताप होता.' मग कधी भेटायला येणार ते. शेवटी 'तुझी मैत्रीण' आणि सही. प्रत्येकीने शेजारणीला लिहायचं.

वर्गात हमिदाबीच्या शेजारी बसे ती तेलवाल्यांची इरम्मा. दोघींची घरं गल्लीत समोरासमोर, लग्न होऊन आल्यापासूनची मैत्री. हमिदाबीने सगळं उतरवलं आणि सहीची जागा कोरी ठेवली.

"सही?" मी विचारलं.

"म्या कवा हिचा वाढदिस चुकवला, बाई? चूक न्हाय केली, तरी लिहून कबूल करायचं? वरून सही? हे तुमाला कुणी करायला सांगितलं?"

"अहो, सराव आहे हा!" माझा आवाज चढलाच. "सही नसलेलं पत्र अपुरं. पास करणार नाही मी."

ती हटली नाही. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली तिच्या नवऱ्याने कुणीतरी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली आणि शेत गेलं. तेव्हापासून त्या घरात सही म्हटलं की मनात पाल चुकचुके. हे मला माहीत होतं, तरी मी चिडले.

दुसऱ्या दिवशी तिने इरम्माला विचारलं, "तू जन्मली कवा गं?"

"सोनारीच्या यात्रेला. आई म्हणायची, गाडीतच झाले." यात्रा पुढच्याच आठवड्यात होती.

"मग येते तुझ्या वाढदिसाला," हमिदाबी म्हणाली.

इरम्माचा वाढदिवस आजवर कुणी केला नव्हता. तिने त्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली, सतरंजी टाकली आणि दारात बसली. हमिदाबी गेली नाही. मुद्दामच. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तिने तोच बिनसहीचा कागद माझ्यापुढे धरला. "आता खरं झालं, बाई. द्या दौत. करते सही."

मी कपाळाला हात लावला. इरम्माची जागा रिकामी होती.

"ती यायची न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "सकाळी हुग्गी गाईपुढं ठेवली. डोळं सुजलेत."

हमिदाबीने हातात घेतलेला टाक खाली ठेवला. तो कागद तसाच घेऊन ती इरम्माच्या दारी गेली. मला राहवेना, मीही मागोमाग गेले. इरम्माने एकेक अक्षर लावत पत्र वाचलं आणि परत केलं.

"हे तर फळ्यावरचं हाय. समद्याजणींनी हेच लिवलंय. कुणाला ताप आलता गं? तुझा शब्बीर तर ठणठणीत गल्लीत हिंडत व्हता. आन् सही बी न्हाय. तुझाच ह्याच्यावर इश्वास न्हाय, म्या कसा ठिवू?"

दार लागलं. हमिदाबी कागद घेऊन आपल्या घरात गेली. मला तिचा राग आला होता, तो तिच्या पाठीकडे बघून गेला.

दोन दिवसांनी इरम्मा माझ्याकडे कागद घेऊन आली. गाव, तारीख सगळं जागच्या जागी होतं. अक्षरं मात्र वेडीवाकडी, खोडलेली.

'प्रिय इरम्मा हिस. म्या तुझ्या वाढदिसाला आले न्हाय. माफ कर. कुणाला ताप नव्हता. म्या दाराच्या फटीतून बघत व्हते. तू दोनदा उठून रस्त्यावर आलीस. तरी म्या आले न्हाय. कागद खरा करायच्या नादात तुझ्याशी खोटं वागले. हुग्गी केलीस तर येईन, न्हाय केलीस तरी येईन. तुझी मैत्रीण.'

खाली सही होती. 'हमिदाबी', पूर्ण, टाक इतका दाबून की कागद फाटला होता.

इरम्मा सहीवरून बोट फिरवत राहिली. मग तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ही तिचीच हाय ना? का कुणाकडून करून घेतली?"

"मी कसं सांगू?" मी म्हणाले. "तिची सही आजवर कुणी पाहिलीय?"

"मग तिलाच इचारते," असं म्हणून तिने कागद पदराखाली घेतला आणि गल्ली ओलांडून हमिदाबीचं दार वाजवलं.