मावशीच्या मध्यस्थीतली नावं

आमची मावशी टेलर. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान, आणि दुकान म्हणजे गावाच्या दुःखांचा पत्ता. माप घ्यायला माणूस हात वर करून उभा राहिला की खोटं बोलूच शकत नाही, असं तिचं ठाम मत आहे. तिने छातीभोवती टेप गुंडाळली की बाईमाणूस हळूच सांगतं, मुलगा बोलत नाही, नवऱ्याची शुगर उतरत नाही, नोकरी जाईलसं वाटतंय. मावशी तोंडात टाचण्या धरून हुं हुं करते. आणि गुरुवारी संध्याकाळी सायंप्रार्थनेत ते नाव बरोब्बर घेते.

सायंप्रार्थना चर्चच्या बाजूच्या खोलीत होते. पाळकसाहेबांकडे चार ठिकाणची मंडळी, ते रविवारी येतात. गुरुवार आमचा आम्हीच चालवतो. खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये टेबलावर दिवा. चालवणारा उभा राहून म्हणतो, "हे देवा, आम्हांला वाचवायला ये," आणि बाकीचे म्हणतात, "हे प्रभू, आमच्या मदतीला धाव." मग गीत. मग स्तोत्र: एक ओळ ह्या रांगेने, पुढची त्या रांगेने. प्रत्येक ओळीच्या मधोमध छापलेली एक बारीकशी चांदणी असते. तिथे श्वास घेऊन थांबायचं आणि एका तोंडाने पुढे जायचं. त्यानंतर शास्त्रवाचन, शांतता, उभं राहून मरीयेचं गीत, मध्यस्थी म्हणजे इतरांसाठी देवाजवळ मागणं, प्रभूची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद. एवढी वर्षं हे सगळं मावशीच चालवत होती. तिचा आवाज शिलाई मशीनसारखा, गोड नाही पण टाका चुकत नाही.

मग ती आली. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करणारी, नुकतीच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेली. आवाज असा, की ऐकणाऱ्याला उगाच कुठेतरी जावंसं वाटावं. पाळकसाहेब पहिल्याच रविवारी विरघळले. मावशीला म्हणाले, "ताई, देवाने आवाज दिलाय, वापरू या. स्तोत्र आणि मरीयेचं गीत ह्यांच्याकडे द्या. मध्यस्थी तुमच्याकडेच राहू दे. सुरुवात आणि शेवट कुणी करायचा, ते बघू महिनाअखेरीला."

मावशी घरी आली ती फणकारतच. "अख्खा कोट तिला, आणि मला काय? बटणं!"

"बटणांशिवाय कोट अंगावर राहतो का?" मी म्हटलं.

"तू गप्प बस. तुझी पँट तशीच लोंबत ठेवीन."

मत्सर काय असतो ते मी त्या महिन्यात जवळून पाहिलं. मावशी तिला 'स्टँडवाली' म्हणू लागली. स्टँडवाली चांदणीशी जरा जास्त थांबली, की घरी आल्यावर, "थांबण्यातसुद्धा मिरवते!" कमी थांबली, की, "गाडी सुटत होती वाटतं." मरीयेच्या गीतात, देव गर्विष्ठांची दाणादाण करतो आणि दीनांना वर उचलतो, ह्या जागी स्टँडवालीचा आवाज असा काही चढायचा की आमच्या रांगेतल्या पेटीवाल्या काकांचे डोळे भरून यायचे. ते डोळे बघून मावशीचा अगदी तिळपापड व्हायचा. एकदा मात्र मावशीची दिवाळी झाली. त्या गुरुवारी शेवट करायला स्टँडवालीला सांगितलं होतं, आणि ती हात किंचित उचलून म्हणाली, "प्रभूचा आशीर्वाद तुमच्यावर असो."

घरापर्यंत मावशी धड चाललीही नाही, तरंगत आली. "ऐकलंस? 'तुमच्यावर' म्हणाली! 'तुमच्यावर' पाळकाने म्हणायचं. आपण म्हणायचं 'आपल्यावर'. आपणही त्याच रांगेत उभे असतो ना! हिला आधीच झगा चढला." तिने तो दिवस चहाबरोबर पुन्हा पुन्हा चघळला.

पण मध्यस्थीत तिने जे केलं ते माझ्याच्याने सांगवत नाही, तरी सांगते. आमच्याकडे मध्यस्थीचा क्रम ठरलेला: आधी जगासाठी, मग मंडळीसाठी, मग आजारी आणि दुःखी, मग मेलेले. प्रत्येक मागणीच्या शेवटी चालवणारा म्हणतो, "प्रभू, तुझ्या दयेने," आणि सगळे म्हणतात, "आमची प्रार्थना ऐक." मावशीने मंडळीच्या मागणीत अगदी शांतपणे घुसडलं, "आणि जे स्वतःच्याच आवाजात गुंग होतात, त्यांना नम्रता दे. प्रभू, तुझ्या दयेने."

"आमची प्रार्थना ऐक," सगळ्यांनी सवयीने म्हटलं. सगळ्यांत सुरेल म्हटलं स्टँडवालीने. तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र मान वर करवेना.

महिनाअखेरीच्या गुरुवारी पेटीवाल्या काकांच्या मुलीचं लग्न परगावी होतं. पाळकसाहेबांसकट सगळे निघाले. "ज्यांना जमेल त्यांनी प्रार्थना करा, नाहीतर राहू दे," ते म्हणाले. मावशीने लग्नासाठी नवा पोशाख शिवला होता, तो कपाटात ठेवून दिला. "सगळे गेले तर ती एकटी चालवेल, आणि मग साहेबांना सांगत फिरेल. मी नाही जात." माझा घसा पार बसलेला, शब्द फुटत नव्हता, लग्नाला जाऊन मी करणार काय, म्हणून तिच्याबरोबर गेले.

खोलीत दिवा लागलेला होता. स्टँडवाली समोरच्या रांगेत एकटी बसलेली, लग्नाला निघाल्यासारख्या नव्या पोशाखात.

"तुम्ही लग्नाला नाही गेलात?" मावशी.

"तुम्ही नाही गेलात?" ती.

दोघींनाही एकमेकींची कारणं लख्ख कळली. मावशी आमच्या रांगेत बसली, आणि दोघी एकदमच उभ्या राहिल्या.

"हे देवा, आम्हांला वाचवायला ये," दोघी एका सुरात म्हणाल्या.

उत्तर द्यायला कोणीच नाही. मी घशाला हात लावून मान हलवली. दोघी थांबल्या, मग दोघींनी बहुधा मनाचा मोठेपणा दाखवायचं ठरवलं, आणि एकदमच, "हे प्रभू, आमच्या मदतीला धाव."

आता सुरुवात कुणाचीच नव्हती. मला हसू आलं, ते खोकल्यात लपवलं. मावशी घुश्शात खाली बसली. "करा तुम्हीच."

त्या संध्याकाळचं स्तोत्र संध्याकाळचंच होतं. माझी प्रार्थना धुपासारखी वर चढो, आणि लगेच, प्रभू, माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांचं दार राख. ओळींची वाटणी मोडता येत नाही. तिची ओळ झाली की पुढची हिचीच. तोंडावरच्या पहाऱ्याची ओळ नेमकी मावशीच्या वाट्याला आली. ती अर्धी ओळ म्हणाली, चांदणीशी थांबली, आणि पुढे येईचना. स्टँडवालीने तिच्यासाठी ओळ उचलली नाही. स्टँडवरचीच सवय असावी, कोणी चढत असेल तर गाडी सोडायची नाही. मावशीने उरलेली अर्धी ओळ कशीबशी ओढली.

शास्त्रवाचन स्टँडवालीने केलं. मरीयेच्या गीताला दोघी उभ्या राहिल्या. मध्यस्थीला मावशी पुढे झाली. जग झालं, आजारी झाले, त्यांची नावं एकेक करून, त्यातली निम्मी स्टँडवालीला माहीतही नसतील. मंडळीची मागणी तिने शेवटाला ठेवली होती.

"आणि मला, प्रभू, जळण्यापासून सोडव. मला ती नको झालीय. तिचा आवाज नको झालाय. तुझ्या दयेने."

समोरून उत्तर आलं, हळू, पण चुकलं नाही. "आमची प्रार्थना ऐक."

आमची. मागणी एकटीची होती, पण उत्तर आलं 'आमची'. मावशीने मान वर केली.

"आता मी मागते," स्टँडवाली म्हणाली. स्टँडवरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मला, प्रभू, ह्या बाईच्या नावांचा हेवा वाटतो. जन्मभर मी गावांची नावं पुकारली. पण कोणी माझ्याजवळ येऊन, माझ्या मुलासाठी माग, असं म्हणालेलं नाही. इथेही नाही. गाणं आवडलं म्हणतात आणि जातात. तुझ्या दयेने."

मावशीने उत्तर द्यायला इतका वेळ लावला की मीच ओठ हलवू लागले. मग ती म्हणाली. प्रभूची प्रार्थना दोघींनी मिळून म्हटली. शेवट स्टँडवालीने केला: "आपल्यावर असो." पाठ करून आल्यासारखी. घरी येताना मावशी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "सुरुवात आणि शेवट मी करणार. ते मी सोडणार नाही, सांगून ठेवते. मध्यस्थी तिला द्या."

"ताई, पण मध्यस्थी तर तुमचा जीव की प्राण!"

"म्हणून तर सांगतेय. परत विचारू नका."

सोमवारी बेकरीवाल्याची बायको पडदे घेऊन दुकानात आली. मापं देता देता रडायला लागली, भावाचं ऑपरेशन आहे म्हणाली. "मावशी, गुरुवारी त्याचं नाव घ्याल ना?"

मावशीच्या पायाखालचं मशीन थांबलं. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. "मध्यस्थी आता माझ्याकडे नाही. पलीकडच्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे. तिला जाऊन सांग."

"पण मी तिला ओळखत नाही. तुम्हीच सांगा ना तिला."

"नाही. तूच जा. मी सांगितलं तर ते नाव माझंच राहील."

बाई गेली. मावशीने पडदा मशीनखाली घातला आणि एवढ्या रागाने टीप मारली की ती पार वाकडी गेली. मी मुकाट्याने उसवायला घेतली.

"जळतंय गं अजून," ती म्हणाली. "वाटलं होतं, दिलं की थांबेल."

गुरुवारी स्टँडवाली मध्यस्थीला उभी राहिली. आजाऱ्यांपाशी आल्यावर तिने बेकरीवाल्याच्या मेव्हण्याचं नाव घेतलं, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट, अगदी सावकाश. "प्रभू, तुझ्या दयेने," ती म्हणाली.

मावशीचा चेहरा मी बघत होते. तो काही देवदूताचा नव्हता. पण सगळ्या खोलीच्या आधी तीच म्हणाली, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने: "आमची प्रार्थना ऐक."