मावशींचं मोजपात्र

किडनीच्या वॉर्डात मावशी बावीस वर्षं रुग्णांची लघवी मोजतायत. मी तिथली नर्स. नवी किडनी बसवलेल्या एका शिंप्याची लघवी पाचव्या दिवशी एकाएकी कमी आणि गडद पिवळी झाली. प्यायलेल्या पाण्याच्या नोंदी मात्र भरपूर. नवी किडनी बंद पडतेय की काय, म्हणून मी डॉक्टरांना फोन लावला.

मावशींनी आधी त्याचे सुकलेले ओठ पाहिले, मग ओलं बेसिन. "पाणी ओतून देतोस ना रे?"

तो ओशाळला. "चार वर्षं डायलिसिसवर काढली, मावशी. जास्त प्यायलो की पाणी अंगातच साठायचं, धाप लागायची. अजून भीती वाटते."

"अरे वेड्या, ही किडनी धडधाकट आहे! रक्त गाळते, घाण बाहेर काढते. पाणी कमी पडलं की राखून ठेवते, म्हणून लघवी गडद. जास्त झालं की सोडून देते. ते तिचं ती बघेल, तू पी!"

डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. त्यानं घाबरत घाबरत तीन ग्लास संपवले.

दुपारी मावशींनी भरलेलं मोजपात्र खिडकीच्या उजेडात धरलं. फिकट, नितळ. मग त्या तडक शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे त्याला किडनी देणारी बहीण पडून होती.

"ऐकलंस का गं," मावशी म्हणाल्या, "भाऊ आज पोटभर पाणी प्यायला."